हातात किती, काम काय, शनिवार कोणता?
छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नोकरीच्या कॅप्शनबद्दल

'आम्ही हायर करतोय! कोडिंगची पॅशन असलेले रॉकस्टार डेव्हलपर हवेत. फास्ट-पेस्ड वातावरण, आकर्षक पगार, कुटुंबासारखी टीम, ग्रोथला भरपूर वाव. इमिजिएट जॉइनर्सना प्राधान्य. आजच सीव्ही पाठवा!'

हा मजकूर कोणत्या कंपनीचा आहे, हे ओळखता येणार नाही. पुण्यातली, नाशिकमधली, नागपूरची, कोणतीही छोटी सॉफ्टवेअर कंपनी स्वतःचं नाव घालून तो वापरू शकते, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. लिंक्डइनवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकलेल्या रंगीत चित्राखाली असा मजकूर असतो. त्याला कॅप्शन म्हणतात. तो वाचणाऱ्याला त्यातून काय कळलं? काम काय आहे ते नाही, पगार किती ते नाही, ऑफिस कुठे ते नाही. एवढंच कळलं, की कुणालातरी माणूस हवा आहे.

मोठ्या कंपनीचं अशा मजकुरावर भागतं, कारण तिचं नाव आधीच लोकांना ठाऊक असतं. तिथे पगार साधारण किती, बढती कशी मिळते, हे कुणा मित्राकडून, मावसभावाकडून कळलेलं असतं. वीस-पंचवीस जणांच्या कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. तिच्याबद्दल उमेदवाराला जे काही कळणार, ते त्या कॅप्शनमधूनच. म्हणून छोट्या कंपनीसाठी या आठ-दहा ओळी महत्त्वाच्या ठरतात. त्या आकर्षक कशा करायच्या आणि तरी खोटं कसं बोलायचं नाही, असा प्रश्न मालकांना पडतो. माझ्या मते या दोन गोष्टींत भांडण नाहीच. नाव नसलेल्या कंपनीकडे आकर्षक असं एकच असतं, ते म्हणजे तिथली खरी, नेमकी माहिती.

एक कंपनी कल्पू

उदाहरणासाठी एक कंपनी डोळ्यांसमोर आणू. पुण्यात कोथरूडला ऑफिस, माणसं चोवीस. ती सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते: ठेवी, कर्जं, व्याजाची आकारणी, थकबाकीच्या याद्या. पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून रोजची रक्कम गोळा करतात, त्यांच्यासाठी कंपनीचं एक मोबाइल अ‍ॅपही आहे. मूळ सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेलं. आता ते तुकड्या-तुकड्याने डॉटनेटवर, ब्राउझरमध्ये चालेल असं केलं जात आहे. या कामासाठी दोन ते चार वर्षं अनुभव असलेला एक डेव्हलपर हवा आहे.

वर दिलेलं कॅप्शन याच कंपनीने टाकलं, असं समजा. सीव्हींचा ढीग येईल. त्यातले बरेच नुकतेच पदवीधर झालेल्यांचे, काही वेगळ्याच तंत्रज्ञानातल्यांचे, काही चेन्नईहून किंवा इंदूरहून घरूनच काम करू इच्छिणाऱ्यांचे. छोट्या कंपनीत ते चाळायला वेगळा विभाग नसतो. मालक किंवा एखादी सीनियर डेव्हलपरच रात्री जेवणानंतर ते वाचत बसते. त्यातून निवडलेल्यांना फोन केल्यावर तिसऱ्या मिनिटाला पगाराचा आकडा निघतो आणि बोलणं तिथेच संपतं. जी माणसं खरोखर उपयोगाची होती, त्यांनी 'आकर्षक पगार' वाचून अर्जच केलेला नसतो, कारण आकडा सांगण्यासारखा असता तर सांगितला असता, हे त्यांना कळतं.

म्हणून कॅप्शनचं काम जास्तीत जास्त अर्ज आणणं हे नाही. ज्याला हे काम जमेल आणि पटेल त्याने अर्ज करावा, आणि ज्याला पटणार नाही त्याने वाचूनच पुढे जावं, एवढं झालं की कॅप्शनने आपलं काम केलं.

पहिल्या दोन ओळी

फोनवर कॅप्शन पूर्ण दिसत नाही. इन्स्टाग्रामवर साधारण सव्वाशे अक्षरांनंतर मजकूर तुटतो. लिंक्डइनवर त्याहून थोडं जास्त, पण तिथेही दोन-तीन ओळींनंतर 'आणखी' दाबावं लागतं. हे आकडे अ‍ॅपच्या आवृत्तीनुसार आणि फोननुसार बदलतात. पण दोन ओळींचा हिशेब धरून चालावं. 'आम्ही हायर करतोय!' आणि तीन रॉकेटं यांत त्यातली एक ओळ संपते.

त्या दोन ओळींत तीन गोष्टी बसल्या पाहिजेत: कोणतं काम, कुठे आणि किती पगारात. 'डॉटनेट डेव्हलपर, २ ते ४ वर्षं अनुभव. कोथरूड, पुणे. फिक्स्ड पगार वर्षाला ६ ते ७ लाख.' एवढं वाचून माणूस थांबला, तर बाकीचं वाचायला तो स्वतः 'आणखी' दाबतो.

पदाचं नावही लोक शोधताना जे टाइप करतात तेच असावं. 'कोड निंजा' असं कुणी शोधत नाही. 'सीनियर' हा शब्द तर जपून वापरावा. दोन वर्षं अनुभवाच्या जागेला सीनियर म्हटलं की खरे सीनियर लोक अर्ज करतात, पगार ऐकतात आणि चिडून निघून जातात.

आणखी एक चूक सर्रास दिसते. सगळी माहिती चित्रातच छापलेली असते आणि कॅप्शनमध्ये फक्त 'तपशील चित्रात पाहा' असं असतं. चित्रातली अक्षरं शोधात नीट सापडत नाहीत. दृष्टिहीन डेव्हलपर स्क्रीन रीडर वापरतात, त्या सॉफ्टवेअरला ती बहुधा वाचता येत नाहीत. लहान फोनवर ती दिसतही नाहीत. चित्र नजर थांबवण्यासाठी असावं, माहिती मात्र मजकुरात असावी.

पगार: साठ हजार की अठ्ठेचाळीस?

पगाराच्या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात आणि पुष्कळदा खोटं न बोलताही फसवणूक होते.

आपल्या कंपनीने 'सीटीसी ७.२ लाख' असं लिहिलं, समजा. सीटीसी म्हणजे एका माणसावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. वाचणारा मनातल्या मनात बाराने भागतो आणि महिन्याला साठ हजार धरतो. आता हिशेब उलगडून पाहू. या ७,२०,००० मध्ये ७२,००० व्हेरिएबल आहेत, म्हणजे कामगिरीनुसार आणि कंपनीच्या नफ्यानुसार वर्षाअखेरीस मिळाले तर मिळणारे. भविष्यनिर्वाह निधीत कंपनी भरते तो वाटा २१,६०० रुपये. तो दरमहा १५,००० रुपये वेतनमर्यादेच्या बारा टक्क्यांनी, म्हणजे १,८०० रुपयांनी धरलेला आहे. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरण्याची पद्धत आहे. मूळ पगार सीटीसीच्या निम्मा, म्हणजे ३,६०,००० असेल तर हे झाले १७,३१६ रुपये. आरोग्य विम्याचा हप्ता ९,०८४ रुपये धरू. हे सगळं वजा केलं की उरतात बरोबर ६,००,०००, म्हणजे महिन्याला ५०,०००. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले जातात. या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत सध्या प्राप्तिकर लागत नाही. बँकेत जमा होतात ४८,०००.

साठ आणि अठ्ठेचाळीस यांत बारा हजारांचं अंतर आहे. कंपनीने एकही खोटा आकडा दिलेला नाही. तरी पहिल्या महिन्याचा पगार हातात पडेल तेव्हा त्या माणसाला फसवल्यासारखं वाटेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. ग्रॅच्युइटीची रक्कम तर कायम कर्मचाऱ्याला सहसा सलग पाच वर्षं काम केल्यावरच मिळते. जी रक्कम बहुतेक तरुण डेव्हलपरांच्या हातात कधी पडतच नाही, ती पगाराचा आकडा फुगवायला वापरली जाते.

म्हणून कॅप्शनमध्ये फिक्स्ड रक्कम लिहावी, व्हेरिएबल वेगळं लिहावं आणि शक्य असेल तर हातात येणारी रक्कमही लिहावी: 'फिक्स्ड ६ ते ७ लाख, हातात दरमहा सुमारे ४८ ते ५६ हजार. व्हेरिएबल याशिवाय, वर्षाला ७२ हजारांपर्यंत. गेल्या वर्षी त्यातलं निम्मं दिलं.' यातलं शेवटचं वाक्य लिहायला धाडस लागतं. पण 'पर्यंत' या शब्दावर कुणाचा विश्वास नसतो, तो या वाक्याने बसतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो. कंपनीत बाराच माणसं असतील आणि पीएफ नसेल, तर तसं स्पष्ट सांगावं. आधीच्या नोकरीत पीएफ असलेला माणूस तो गृहीत धरून चालतो.

पगाराचा पल्ला किती रुंद असावा? 'तीन ते बारा लाख' या आकड्यांतून काहीच कळत नाही. वाचणारा बारा पाहतो, मालकाच्या मनात चार असतात. खालचा आणि वरचा आकडा यांत पाचव्या-सहाव्या हिश्शाचं अंतर असलं तर तो पल्ला खरा वाटतो, आणि वरचा आकडा कशासाठी मिळेल हे एका वाक्यात सांगितलं तर वाटाघाटही सोपी होते: 'बँकिंग किंवा पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम केलेलं असेल तर वरच्या टोकाला.'

मालक आकडा का लिहीत नाहीत, याचं खरं कारण बहुधा प्रतिस्पर्धी नसतात. ते कारण ऑफिसातच बसलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी साडेचार लाखांवर आलेली मुलगी आता साडेपाचवर आहे. नव्या माणसाला सहा ते सात, हे तिने फोनवर वाचलं तर दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये येईल. ही भीती खरी आहे, पण आकडा लपवून ती टळत नाही. नवा माणूस आल्यावर महिन्याभरात चहाच्या टपरीवर आकडे कळतातच. आधी तिचा पगार ठीक करावा, मग कॅप्शन टाकावं, हाच क्रम बरोबर आहे.

भारतात खासगी कंपनीने जाहिरातीत पगार छापलाच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तो २०२१ पासून आहे, कॅलिफोर्नियात २०२३ पासून पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार उमेदवाराला मुलाखतीआधी पगाराची माहिती मिळायला हवी. परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्या डेव्हलपरांना हे माहीत असतं, आणि पगार न लिहिलेली जाहिरात ते जरा संशयानेच वाचतात.

कामाची खरी चव

आता कामाकडे वळू. 'चॅलेंजिंग प्रोजेक्ट्स' असं लिहिण्याऐवजी त्या कंपनीत पुढच्या सहा महिन्यांत खरोखर काय करायचं आहे ते सांगावं. आपल्या कंपनीत ते असं आहे: कर्जाच्या व्याजाची आकारणी करणारा जुना भाग नव्या प्रणालीत आणायचा आहे. त्यात पैशापैशाचा ताळा जुळला पाहिजे. पिग्मीच्या अ‍ॅपमध्ये, बाजारपेठेत नेटवर्क गेलं तरी एजंटला पावती देता आली पाहिजे आणि नंतर नेटवर्क आल्यावर तीच नोंद दोनदा चढता कामा नये. ज्याला सॉफ्टवेअर लिहायची आवड आहे, तो हे वाचून विचार करायला लागतो. कॅप्शनमधलं खरं आकर्षण हे आहे. त्याला 'पॅशन' हा शब्द वापरावा लागत नाही.

मग अवघड बाजू. या कंपनीत व्हिज्युअल बेसिकचा जुना कोड वाचावा लागतो, आणि त्यातल्या अर्ध्या भागाचं दस्तऐवजीकरण नाही. महिन्यातून एक आठवडा प्रत्येक डेव्हलपरला सपोर्टचे फोन घ्यावे लागतात. पतसंस्थेचा कारकून फोनवर वैतागलेला असतो, कारण त्याच्यासमोर खातेदार उभा असतो. मार्च अखेरीस वर्ष बंद करण्याच्या कामामुळे शेवटचे आठ-दहा दिवस रात्री उशीर होतो. पहिला आणि तिसरा शनिवार कामाचा असतो. हे कॅप्शनमध्ये लिहायचं?

लिहायचं. याबद्दल एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेतले संशोधक जॉन वानूस यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या स्त्रियांपैकी काहींना कंपनीची नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली, तर काहींना कामाचा तोचतोचपणा आणि कडक देखरेखही दाखवणारी फिल्म दाखवली. अवघड बाजू पाहिली म्हणून नोकरी नाकारणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नाही. पण खरी फिल्म पाहिलेल्यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून होत्या, आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. पुढच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम मध्यम स्वरूपाचाच दिसला, म्हणजे तो काही रामबाण उपाय नाही. पण चोवीस जणांच्या कंपनीत एक माणूस दुसऱ्या महिन्यात सोडून गेला, तर त्याला शिकवण्यात गेलेला सीनियरचा वेळ परत येत नाही. तिथे मध्यम परिणामही पुरेसा मोलाचा असतो.

अवघड बाजू लिहिण्याचीही रीत आहे. 'प्रेशर सहन करता आलं पाहिजे' हे अस्पष्ट आहे आणि उगीच घाबरवणारंही. 'मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत उशीर होतो, एप्रिलमध्ये त्याबद्दल तीन दिवस बदली सुट्टी' हे नेमकं आहे, आणि त्याला मर्यादाही आहे. वर्षातले दहा दिवस बहुतेक जण मान्य करतात. कधीही, कितीही, हे कुणीच मान्य करत नाही. अर्थात, बदली सुट्टी खरोखर देत असाल तरच ते लिहावं.

'फास्ट-पेस्ड', 'कुटुंबासारखी टीम', 'फ्लेक्झिबल वेळा' हे शब्द अनुभवी डेव्हलपर मनात उलटे वाचतात. फास्ट-पेस्ड म्हणजे माणसं कमी आहेत. कुटुंबासारखं म्हणजे सुट्टी मागितली की वाईट वाटून घेतात. फ्लेक्झिबल म्हणजे रात्री अकरालाही फोन येतो. तुमच्या कंपनीत तसं नसेलही, पण शब्द वापरून वापरून असा अर्थ चिकटला आहे. त्यांच्या जागी वस्तुस्थिती घालावी: 'ऑफिस दहा ते सहा. सहा महिन्यांनंतर आठवड्यात दोन दिवस घरून.' नुसतं 'हायब्रिड' लिहिलं तर कोल्हापूरचा माणूस महिन्यातून एकदा पुण्याला यायचं आहे असं समजतो, आणि मालकाच्या मनात आठवड्यातले चार दिवस असतात.

किती अटी, कोणाला आवतण

छोट्या कंपन्यांच्या कॅप्शनमध्ये अटींची यादी पंधरा-सोळा तंत्रज्ञानांची असते. ती बहुधा तीन वेगवेगळ्या जाहिरातींतून गोळा केलेली असते. अशी यादी वाचून प्रामाणिक माणूस मागे हटतो आणि धीट माणूस सगळ्यावर खूण करून अर्ज टाकतो, म्हणजे चाळणी उलटीच लागते. स्वतःला एक प्रश्न विचारावा: पहिल्या दिवशी काय आलंच पाहिजे आणि तीन महिन्यांत काय शिकता येईल? आपल्या कंपनीत पहिल्या गटात दोनच गोष्टी उरतात, सी शार्प आणि एसक्यूएल. व्हिज्युअल बेसिक, मोबाइल अ‍ॅप, व्याजाचे नियम हे सगळं शिकवता येतं, आणि शिकवू असं लिहिलंही पाहिजे. पतसंस्थांशी बोलायचं असल्यामुळे मराठी बोलता येणं ही इथे खरी, कामाशी जोडलेली अट आहे. ती कारणासह लिहिली तर कुणाला टोचत नाही.

'फक्त मुलं', 'अविवाहितांना प्राधान्य' असं लिहिणारे अजूनही सापडतात. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला समान मोबदल्याच्या १९७६ च्या कायद्यातच मनाई होती. पुढे आलेल्या वेतन संहितेतही ती आहे. त्याच्याही आधी, यात कंपनीचंच नुकसान आहे: व्याजाचा कोड कोण लिहितं, त्याला लिंग नसतं. रात्री उशिरा थांबावं लागतं ही खरी अडचण असेल, तर ती तारखांसह लिहावी आणि घरी सोडायला गाडी देणार का, तेही सांगावं. निर्णय उमेदवार घेईल.

'इमिजिएट जॉइनर्स' याबद्दलही थोडं. बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो. म्हणजे चांगल्या नोकरीत असलेला माणूस तुम्हाला 'इमिजिएट' मिळणं अवघड असतं. जो लगेच येऊ शकतो, तो कधी खरोखर मोकळा असतो, कधी त्याच्या हातात आणखी दोन ऑफर असतात. दोन महिने थांबणं परवडत असेल तर तसं लिहावं. मोठ्या कंपनीत कंटाळलेली माणसं त्या एका ओळीवर अर्ज करतात.

फसवणुकीच्या बाजारात स्वतःची ओळख

नोकरीच्या नावाखाली पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. 'ट्रेनिंग फी', 'लॅपटॉप डिपॉझिट', 'कागदपत्र तपासणी शुल्क' अशी त्यांची नावं असतात. अनोळखी छोट्या कंपनीकडे लोक त्याच नजरेने पाहतात. म्हणून कॅप्शनच्या शेवटी कंपनीचं पूर्ण नाव, ऑफिसचा भाग, स्वतःच्या डोमेनचा ईमेल आणि एक साधं वाक्य असावं: 'कोणतंही शुल्क नाही, बाँड नाही, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेत नाही.' बाँड असेल तर तो किती काळाचा आणि किती रकमेचा, हेही इथेच सांगावं. ऑफर लेटरवर सही करताना तो पहिल्यांदा दिसला, तर आधी सांगितलेलं सगळं खरं असूनही संशयात सापडतं.

निवडीची रीतही सांगावी: किती फेऱ्या, किती दिवस, घरी करायचं काम दिलं तर ते किती तासांचं. दोन तासांच्या चाचणीला कुणाची हरकत नसते. शनिवार-रविवार खाणारं फुकट 'असाइनमेंट' दिलं, की नोकरीत असलेली माणसं गळतात आणि वेळ असलेलीच उरतात.

जुळून आलेला मजकूर

हे सगळं एकत्र केलं तर आपल्या कंपनीचं कॅप्शन असं होईल:

'डॉटनेट डेव्हलपर, २ ते ४ वर्षं अनुभव. कोथरूड, पुणे. फिक्स्ड ६ ते ७ लाख, हातात दरमहा सुमारे ४८ ते ५६ हजार.

आम्ही चोवीस जण सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पुढचे सहा महिने तुमचं काम: कर्जाच्या व्याजाची आकारणी जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत आणणं, आणि पिग्मी एजंटचं अ‍ॅप नेटवर्क नसतानाही बिनचूक चालवणं.

यायलाच हवं: सी शार्प, एसक्यूएल आणि ग्राहकांशी बोलण्यापुरती मराठी. बाकीचं शिकवू.

आधीच सांगतो: जुना कोड वाचावा लागतो. महिन्यातून एक आठवडा सपोर्टचे फोन. पहिला आणि तिसरा शनिवार कामाचा. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत उशीर, एप्रिलमध्ये तीन दिवस बदली सुट्टी.

व्हेरिएबल वर्षाला ७२ हजारांपर्यंत, गेल्या वर्षी निम्मं दिलं. पीएफ, आरोग्य विमा. सहा महिन्यांनंतर आठवड्यात दोन दिवस घरून काम.

दोन फेऱ्या, दोन तासांची एक चाचणी, दहा दिवसांत उत्तर, नकार असला तरी. दोन महिन्यांच्या नोटीससाठी थांबू. शुल्क नाही, बाँड नाही.

सीव्ही आणि तुम्ही केलेल्या एका कामाबद्दल पाच ओळी कंपनीच्या ईमेलवर पाठवा. मुदत: महिन्याची २० तारीख.'

लिंक्डइनवर हे असंच चालेल. तिथली मर्यादा ३,००० अक्षरांची आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून अर्ज कुठे करायचा ते प्रोफाइलमध्ये द्यावं आणि मजकूर निम्मा करावा. काही कापायचं झालं तर निवडीची रीत कापावी, 'आधीच सांगतो' मात्र ठेवावं. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पुरतात, पण मुदत विसरू नये. ते संदेश सहा महिन्यांनीही फिरत राहतात आणि भरलेल्या जागेसाठी फोन येत राहतात. जागा भरली की मूळ पोस्टमध्ये 'जागा भरली' अशी ओळ वर टाकावी.

चाललं की नाही, कसं ओळखायचं

लाइक आणि शेअर यांवरून काहीच कळत नाही. कळतं ते माणसं कुठे गळतात त्यावरून. अर्ज भरपूर पण मूळ दोन अटी पूर्ण करणारे थोडे, असं असेल तर पहिल्या दोन ओळी चुकल्या आहेत. फोनवर पगार ऐकून माघार घेणारे असतील तर आकडा लपवला आहे किंवा सीटीसीत फुगवला आहे. मुलाखतीच्या शेवटी 'शनिवारचं माहीत नव्हतं' असं ऐकू आलं तर अवघड बाजू लिहिलेली नाही. ऑफर घेऊनही कुणी आलं नाही, तर दोष बहुधा कॅप्शनचा नसतो. नोटीसच्या दोन महिन्यांत कंपनीने त्याला एकदाही फोन केलेला नसतो. आणि कॅप्शन नेमकं असूनही योग्य अर्जच येत नसतील, तर बाजारात त्या कामाला सहा-सात लाखांपेक्षा जास्त मिळतात. शब्द बदलून ते बदलणार नाही. तेव्हा आकडा वाढवावा किंवा कमी अनुभवाचा माणूस घेऊन शिकवायची तयारी करावी.

पोस्ट करण्याआधी शेवटची तपासणी मालकाने स्वतः करू नये. कंपनीत सगळ्यात अलीकडे आलेल्या माणसाला मजकूर द्यावा आणि त्यातलं जे त्याच्या अनुभवाशी जुळत नाही त्याखाली रेघ मारायला सांगावं. बदली सुट्टीच्या ओळीखाली रेघ आली, तर ती ओळ खोडण्याआधी त्याची राहिलेली सुट्टी द्यावी.